सर्किटच्या उत्तराचा ताळा: धारा आणि शक्ती पुन्हा काढून बघताना

काही दिवसांपूर्वी अकरावीतली एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. चार रेझिस्टरचं गणित होतं, १८ व्होल्टची बॅटरी होती आणि तिचं उत्तर ८ अँपिअर आलं होतं. पुस्तकात ३ होतं. उत्तराखाली तिनं नीट रेघ मारून ताळाही करून ठेवला होता. बॅटरीची शक्ती १८ × ८ म्हणजे १४४ वॉट, आणि परिणामी रोधात खर्च होणारी शक्ती ८ × ८ × २.२५, तीही १४४ वॉट. शेजारी बरोबरची खूण. "सर, ताळा तर जुळलाय. मग उत्तर चुकलं कसं?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. गणितात चूक होती, आणि त्याहून मोठी चूक ताळ्यात होती. तो ताळा कुठल्याही उत्तराला जुळलाच असता. परिणामी रोध २.२५ ऐवजी ५० लिहिला असता तरीही दोन्ही बाजूंना सारखाच आकडा आला असता, कारण धारा काढतानाच तिनं १८ ला त्याच रोधानं भागलं होतं. ज्या आकड्यावर शंका आहे त्याच आकड्यातून दोन्ही बाजू काढल्या तर तो आकडा तपासला जात नाही. इथं तेच गणित घेऊन खरा ताळा कसा करायचा ते सांगतो. शाळेतले शब्द वापरतो, एकसर आणि समांतर, विभवांतर आणि धारा. आयटीआय किंवा डिप्लोमावाल्यांनी ते सिरीज, पॅरलल, व्होल्टेज, करंट असे वाचावेत.

गणित असं आहे

१८ व्होल्टची बॅटरी. तिच्या धन टोकापासून निघालं की आधी २ ओहमचा रेझिस्टर लागतो. त्याच्या पुढे वाट दोन फाट्यांत फुटते. एका फाट्यात एकटा ६ ओहमचा आहे. दुसऱ्या फाट्यात ९ ओहम आणि ३ ओहम एकामागोमाग आहेत. दोन्ही फाटे शेवटी बॅटरीच्या ऋण टोकाला जाऊन मिळतात.

ताळा करायला बसताना आधी सोडवलेलं गणित बाजूला ठेवा आणि मूळ आकृतीवर परत जा. आपण गणित सोडवताना आकृती पुन्हा पुन्हा काढतो, दोन रेझिस्टरचा एक करतो, त्याचा आणखी एक करतो. चूक बहुतेक वेळा त्या मधल्या आकृत्यांमध्ये शिरलेली असते. म्हणून मूळ आकृतीतल्या प्रत्येक जोडबिंदूला अक्षर द्या. बॅटरीचं धन टोक अ, २ ओहमच्या पुढचा फाटा ब, ९ आणि ३ यांच्या मधला बिंदू क, आणि बॅटरीचं ऋण टोक ड. मग प्रत्येक रेझिस्टरची दोन टोकं कुठं आहेत ते लिहून काढा:

२ ओहम : अ ते ब
६ ओहम : ब ते ड
९ ओहम : ब ते क
३ ओहम : क ते ड

या चार ओळी लिहायला अर्धं मिनिट लागतं, पण त्या लिहिल्याशिवाय पुढचा ताळा करू नका, असं मी प्रत्येक वर्गात सांगतो. दोन रेझिस्टर समांतर म्हणायचे तर दोघांची दोन्ही टोकं त्याच दोन अक्षरांवर असली पाहिजेत. एकसर म्हणायचे तर मधल्या अक्षरावर त्या दोघांखेरीज तिसरं काहीही येता कामा नये. ६ आणि ९ आकृतीत शेजारी शेजारी उभे दिसतात म्हणून मुलं त्यांना समांतर धरतात. पण ६ ची टोकं ब आणि ड, तर ९ ची ब आणि क. ते समांतर नाहीत. ९ आणि ३ मात्र एकसर आहेत, कारण क वर फक्त तेच दोघं भेटतात.

रोधाचा अंदाज, तोंडी

९ आणि ३ मिळून १२ ओहम. आता ६ आणि १२ समांतर. दोन रेझिस्टर समांतर असतील तर परिणामी रोध दोघांतल्या लहानापेक्षा कमी असतो आणि लहानाच्या निम्म्याहून कमी होत नाही. म्हणजे उत्तर ३ आणि ६ यांच्या मध्ये कुठेतरी हवं. नेमकं उत्तर ४ येतं. ते मध्ये बसतं.

त्या मुलीच्या वहीत इथं ०.२५ होतं. १/६ आणि १/१२ यांची बेरीज १/४ आली, ती तिनं ०.२५ म्हणून लिहिली आणि उलटी करायची राहून गेली. समांतर जोडणीतली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच, आणि "३ ते ६ च्या मध्ये आहे का?" एवढं विचारलं असतं तर ती जागीच पकडली गेली असती.

२ ओहम मिळवल्यावर एकूण ६ ओहम होतात आणि १८ भागिले ६ म्हणजे ३ अँपिअर. हे उत्तर बरोबर आहे असं समजून त्याचा ताळा घेऊ. नंतर चुकीच्या उत्तरांचाही घेऊ, कारण ताळा चूक कशी पकडतो हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास बसत नाही.

धारेचा ताळा

२ ओहममधून पूर्ण ३ अँपिअर जातात. त्याच्या टोकांमधलं विभवांतर ३ × २, म्हणजे ६ व्होल्ट. ड बिंदूचं विभव शून्य धरलं तर अ वर १८, आणि अ पासून ब पर्यंत ६ व्होल्ट उतरले म्हणून ब वर १२ व्होल्ट. हे १२ व्होल्ट दोन्ही फाट्यांना मिळतात. ६ ओहमच्या फाट्यात १२ भागिले ६, म्हणजे २ अँपिअर. दुसऱ्या फाट्यात १२ भागिले १२, म्हणजे १ अँपिअर. दोन आणि एक तीन. ब बिंदूवर ३ अँपिअर आले, ३ गेले. जमाखर्च जुळला.

क बिंदूचं विभव वेगळं काढा. ड पासून वर चढताना ३ ओहममधून १ अँपिअर जातो म्हणून क वर ३ व्होल्ट. क पासून ब पर्यंत ९ ओहम × १ अँपिअर, म्हणजे ९ व्होल्ट. ३ आणि ९ मिळून १२. ब वर आपण वरून उतरत आलो तेव्हा १२ आले होते, खालून चढत आलो तेव्हाही १२ आले.

हे दोन नियम किरचॉफनं १८४५ साली मांडले: बिंदूवर आलेली धारा आणि गेलेली धारा सारखी, आणि कुठल्याही बंद वाटेनं फिरून आलं की विभवांतरांची बेरीज शून्य. नियम सगळ्यांना पाठ असतात. पण ताळा करताना एका गोष्टीकडे बारीक लक्ष द्यावं लागतं: तुम्ही पहिल्यांदा गणित सोडवताना कोणती वाट वापरली होती?

समजा पहिल्यांदा तुम्ही फाट्यांतली धारा प्रमाणानं वाटली होती, रोधाच्या व्यस्त प्रमाणात, दोनास एक. मग बिंदूवरची बेरीज जुळणारच, कारण तुम्ही एकूण धाराच वाटली आहे. तो ताळा फुकट आहे. तुम्ही विभवांतर तपासलं पाहिजे. उलट, पहिल्यांदा फाट्यावरचं विभवांतर १८ वजा ६ असं वजाबाकीनं काढलं असेल तर विभवांतरांची बेरीज १८ येणारच. तेव्हा बिंदूवरची धारा तपासली पाहिजे.

त्या मुलीच्या गणितावर हे लावून बघा. परिणामी रोध २.२५, धारा ८ अँपिअर, २ ओहमवर १६ व्होल्ट, उरले २ व्होल्ट. फाट्यांत २ भागिले ६ म्हणजे ०.३३ आणि २ भागिले १२ म्हणजे ०.१७, मिळून अर्धा अँपिअर. ब बिंदूवर ८ अँपिअर येतात आणि अर्धाच पुढे जातो. चूक समोर उभी राहिली. हेच गणित तिनं ८ अँपिअर दोनास एक वाटून केलं असतं, तर ६ ओहममधून ५.३३ अँपिअर गेले असते, बिंदूवर सगळं ठीक दिसलं असतं, पण त्या ६ ओहमवर ३२ व्होल्ट आले असते. १८ व्होल्टच्या बॅटरीवर ३२ व्होल्ट कुठून येणार?

शक्तीचा ताळा

आता शक्ती. प्रत्येक रेझिस्टरची शक्ती वेगळी काढायची आणि बेरीज बॅटरीच्या शक्तीशी जुळवायची. सूत्रं तीन आहेत:

```
P = VI      P = I²R      P = V²/R
```

तिन्ही सारखीच आहेत असं आपण शिकवतो, आणि बरोबर उत्तर हातात असेल तर ती सारखीच आहेत. ताळा करताना मात्र त्यांच्यात फार मोठा फरक पडतो. हा भाग सावकाश वाचावा अशी विनंती आहे.

समजा एखाद्यानं एकूण धारा ३ अँपिअर बरोबर काढली, फाट्यावरचं विभवांतर १२ व्होल्ट बरोबर काढलं, पण "फाटा आला की धारा निम्मी निम्मी" असं समजून दोन्ही फाट्यांत दीड दीड अँपिअर लिहिले. आता तो P = VI नं ताळा करतो. २ ओहममध्ये ६ × ३ म्हणजे १८ वॉट. पहिल्या फाट्यात १२ × १.५ म्हणजे १८. दुसऱ्या फाट्यात पुन्हा १८. बेरीज ५४. बॅटरीची शक्ती १८ × ३, तीही ५४. ताळा चोख जुळला, आणि उत्तर चुकीचं!

असं का होतं? P = VI मध्ये रोध कुठेच येत नाही. बिंदूंवर धारा जुळत असेल आणि बंद वाटांवर विभवांतर जुळत असेल तर सगळ्या VI ची बेरीज आपोआप जुळते, मग त्या धारा आणि विभवांतरं एकमेकांशी ओहमच्या नियमानं बांधलेली असोत वा नसोत. डच अभियंता बर्नार्ड टेलेगन यांनी १९५२ साली मांडलेलं प्रमेय नेमकं हेच सांगतं. म्हणून VI चा ताळा तुमच्या बेरजा तपासतो, रोध तपासत नाही.

आता याच चुकीच्या उत्तराला I²R लावा. २ ओहममध्ये ९ × २ म्हणजे १८. ६ ओहममध्ये २.२५ × ६ म्हणजे १३.५. दुसऱ्या फाट्यात २.२५ × १२ म्हणजे २७. बेरीज ५८.५. बॅटरी देते ५४. साडेचार वॉट जास्त, म्हणजे चूक सापडली.

तेव्हा माझी पद्धत अशी. प्रत्येक रेझिस्टरची शक्ती दोनदा काढायची. एकदा लिहिलेल्या धारेवरून I²R नं, एकदा लिहिलेल्या विभवांतरावरून V²/R नं. VI फक्त बॅटरीसाठी ठेवायचं. आपल्या गणितात हे असं दिसतं:

२ ओहम : ३ × ३ × २ = १८ आणि ६ × ६ ÷ २ = १८
६ ओहम : २ × २ × ६ = २४ आणि १२ × १२ ÷ ६ = २४
९ ओहम : १ × १ × ९ = ९ आणि ९ × ९ ÷ ९ = ९
३ ओहम : १ × १ × ३ = ३ आणि ३ × ३ ÷ ३ = ३

बेरीज १८ + २४ + ९ + ३ = ५४ वॉट. बॅटरी १८ × ३ = ५४ वॉट. प्रत्येक ओळीत डावी-उजवी बाजू जुळली म्हणजे त्या रेझिस्टरपुरता ओहमचा नियम पाळला गेला. शेवटची बेरीज जुळली म्हणजे जोडणीचा जमाखर्च बरोबर. दीड-दीड अँपिअरवाल्याच्या वहीत ६ ओहमच्या ओळीला डावीकडे १३.५ आणि उजवीकडे २४ आलं असतं. बेरजेपर्यंत जायची गरजही पडली नसती.

V²/R वापरताना V म्हणजे त्याच रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं विभवांतर. इथं बॅटरीचे १८ व्होल्ट सगळीकडे घालणारी मुलं मी दर वर्षी बघतो. तसं केलं तर १६२, ५४, ३६, १०८ असे आकडे येतात आणि बेरीज ३६० वॉट होते. बॅटरी ५४ देत असताना ३६० खर्च होऊ शकत नाहीत, म्हणून ही चूक लपत नाही. पण बेरीज केलीच नाही तर ती लपते, आणि प्रश्नात "फक्त ९ ओहममधली शक्ती काढा" असं असेल तर बेरीज कुणी करत नाही. एकाच रेझिस्टरची शक्ती विचारली असेल तरी ताळ्यासाठी चारही काढा.

शक्तीचा ताळा कुठे मऊ पडतो

एक गोष्ट पुस्तकांत सहसा नसते. एकूण धारा बरोबर ठेवून ती फाट्यांत चुकीची वाटली, तर I²R ची बेरीज नेहमी खऱ्या शक्तीपेक्षा जास्तच येते, कमी कधीच येत नाही. निम्मी निम्मी वाटली तेव्हा ५८.५ आली. उलटी वाटली, म्हणजे ६ ओहममध्ये १ अँपिअर आणि १२ मध्ये २, तर १८ + ६ + ४८ म्हणजे ७२ येते. निसर्ग धारा अशी वाटतो की रेझिस्टरांमधली एकूण उष्णता शक्य तितकी कमी राहावी. म्हणून बेरीज बॅटरीच्या शक्तीपेक्षा जास्त आली आणि एकूण धारेबद्दल तुमची खात्री असेल, तर थेट फाट्यांतल्या वाटणीकडे बघा.

पण याचीच दुसरी बाजू आहे. खऱ्या वाटणीपाशी ही बेरीज तळाला टेकलेली असते, आणि तळाजवळ थोडं इकडेतिकडे सरकलं तरी उंची फारशी बदलत नाही. ६ ओहममध्ये २ ऐवजी १.९ आणि दुसऱ्या फाट्यात १ ऐवजी १.१ अँपिअर लिहून बघा. ३.६१ × ६ म्हणजे २१.६६, १.२१ × १२ म्हणजे १४.५२, आणि २ ओहमचे १८. बेरीज ५४.१८. बॅटरीच्या ५४ शी तुलना केली तर कुणीही म्हणेल, दशांशाचा फरक आहे, सोडून द्या. प्रत्यक्षात एका फाट्यातली धारा दहा टक्के चुकली आहे.

विभवांतर बघा म्हणजे हीच चूक ओरडून सांगते. पहिल्या फाट्यावर १.९ × ६ म्हणजे ११.४ व्होल्ट, दुसऱ्यावर १.१ × १२ म्हणजे १३.२ व्होल्ट. एकाच दोन बिंदूंमध्ये दोन वेगळी विभवांतरं असू शकत नाहीत. म्हणून मी शक्तीचा ताळा एकटा कधी करत नाही. मोठ्या चुका तो लगेच पकडतो, कारण वर्गामुळे त्या फुगून दिसतात. वाटणीतली लहान चूक त्याच्या हातून निसटते, ती दोन्ही फाट्यांचं विभवांतर समोरासमोर ठेवल्यावर सापडते.

जुळलं नाही तर शोधायचं कुठं

सगळं गणित पुन्हा करू नका. सर्किटचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याचा हिशोब वेगळा बघा. ब ते ड हा समांतर तुकडा घ्या. त्यात १२ व्होल्टवर ३ अँपिअर जातात, म्हणजे ३६ वॉट. आत २४ + ९ + ३, म्हणजे ३६. हा तुकडा बरोबर. मग दुसऱ्या फाट्याचा तुकडा: १२ व्होल्ट, १ अँपिअर, १२ वॉट, आत ९ आणि ३. बरोबर. जो तुकडा जुळत नाही त्याच्या आत चूक आहे, आणि तो तुकडा जुळला पण बाहेरची बेरीज जुळत नसेल तर चूक उरलेल्या भागात.

गुणोत्तरंही कामाला येतात. एकसर रेझिस्टरांमध्ये धारा एकच, म्हणून शक्ती रोधाच्या सम प्रमाणात: ९ आणि ३ ओहममध्ये ९ आणि ३ वॉट. समांतर फाट्यांमध्ये विभवांतर एकच, म्हणून व्यस्त प्रमाणात: ६ आणि १२ ओहमच्या फाट्यांत २४ आणि १२ वॉट. दोन आकड्यांची नुसती अदलाबदल झाली असेल तर बेरीज जुळूनही उत्तर चुकतं, ते या गुणोत्तरांवरून कळतं.

ताळा आंधळा कुठे असतो

आता एक वेगळी चूक. कुणीतरी ६ आणि ९ समांतर धरले आणि ३ ओहम त्यांच्या पुढे एकसर धरला. ६ आणि ९ चे समांतर ३.६, त्यात २ आणि ३, एकूण ८.६ ओहम. धारा सुमारे २.०९३ अँपिअर. पुढची सगळी आकडेमोड त्यानं निर्दोष केली. शक्तीची बेरीज ३७.६७ वॉट, बॅटरीची शक्तीही ३७.६७ वॉट. धारा जुळते, विभवांतर जुळतं, दोन्ही सूत्रांनी शक्ती जुळते.

इथं कुठलाही ताळा काही बोलणार नाही, कारण आकड्यांत चूकच नाही. त्यानं एका वेगळ्याच सर्किटचं बरोबर उत्तर काढलं आहे. ही चूक फक्त सुरुवातीच्या त्या चार ओळी पकडतात. त्याच्या आकृतीत क बिंदूवर ६, ९ आणि ३ असे तीन रेझिस्टर येऊन मिळतात, मूळ आकृतीत दोनच. म्हणून टोकांची यादी मूळ आकृतीवरूनच करायची, स्वतः पुन्हा काढलेल्या आकृतीवरून नाही. रेझिस्टरचा आकडा उतरवून घेताना चुकला तर त्यालाही हेच लागू.

किलोओहम, मिलीअँपिअर आणि दशांश

पाठ्यपुस्तकातले आकडे ठरवून सोपे केलेले असतात. टेबलावर हेच सर्किट जोडायचं तर ६ ओहममध्ये २४ वॉट उष्णता निघेल. नेहमीचा छोटा रेझिस्टर पाव वॉटचा असतो, तो काही क्षणांत काळा पडून धूर सोडेल. म्हणून सगळे रोध हजारपट करा आणि बाजारात सहज मिळणारे आकडे घ्या: २ किलोओहम, ६.२, ९.१ आणि ३ किलोओहम. दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या एकसर जोडल्या की १८ व्होल्ट.

इथं एककांची एक सोय लक्षात ठेवली तर दहाच्या घातांची भानगड उरत नाही. व्होल्ट भागिले किलोओहम म्हणजे मिलीअँपिअर. व्होल्ट गुणिले मिलीअँपिअर म्हणजे मिलीवॉट. मिलीअँपिअरचा वर्ग गुणिले किलोओहम, तेही मिलीवॉट. घोटाळा होतो तो मिलीअँपिअरचा वर्ग ओहमनं गुणल्यावर, कारण मग उत्तर मायक्रोवॉटमध्ये येतं. शक्तीच्या दोन सूत्रांतला फरक बरोबर हजारपट किंवा दहा लाखपट आला तर चूक एककातच आहे असं समजा.

गणित केलं तर एकूण रोध ४.०९९५ + २, म्हणजे सुमारे ६.१ किलोओहम. एकूण धारा २.९५ मिलीअँपिअर, फाट्यांत १.९५ आणि १.००. I²R नं शक्ती १७.४१, २३.५८, ९.१० आणि ३.००, बेरीज ५३.०९ मिलीवॉट. बॅटरीची १८ × २.९५, म्हणजे ५३.१. तीन सार्थ अंक ठेवले तर एवढ्या जवळ येतं. पण धारा एकाच दशांशापर्यंत, म्हणजे ३.०, २.० आणि १.० अशी लिहिली असती तर बेरीज ५४.९ आणि बॅटरी ५४.० आली असती, जवळजवळ दोन टक्के फरक, कुठलीही खरी चूक नसताना. धारेचा वर्ग करताना तिच्यातली टक्केवारीची चूक दुप्पट होते, हे त्याचं कारण. म्हणून मधले आकडे कॅल्क्युलेटरमध्ये पूर्ण ठेवा आणि फक्त शेवटचं उत्तर लहान करा. तीन अंक ठेवूनही शक्तीत एक टक्क्याहून जास्त फरक दिसत असेल तर मी त्याला दशांशाचा फरक मानत नाही, परत शोधतो.

मल्टिमीटरनं मोजून ताळा करायचा असेल तर १८ हा आकडा गृहीत धरू नका. नव्या बॅटऱ्या लिहिल्यापेक्षा थोडं जास्त व्होल्टेज दाखवतात, वापरलेल्या कमी. सर्किट जोडलेलं असतानाच अ आणि ड मध्ये मीटर लावून खरं व्होल्टेज घ्या. रेझिस्टरवर शेवटी सोनेरी पट्टा असेल तर खरा रोध पाच टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो, म्हणून प्रत्येक रेझिस्टर जोडण्याआधी सुटा मोजून ठेवा. जोडलेल्या स्थितीत ओहम मोजले तर मीटर शेजारच्या वाटाही त्यात धरतं, आणि बॅटरी लावलेली असताना तर ओहम मोजूच नये. मग चार रेझिस्टरांवरची चार व्होल्टेज मोजा, V²/R नं चार शक्ती काढा, आणि बेरीज बॅटरीच्या व्होल्टेज गुणिले एकूण धारेशी लावून बघा. धारा मोजताना मीटर अ आणि २ किलोओहमच्या मध्ये एकसर घालायचा, आणि मोजून झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात. ती तशीच राहिली आणि पुढे बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटरच्या आतला फ्यूज उडू शकतो.

रेझिस्टरच्या जागी फिलामेंटचा बल्ब असेल तर हा ताळा थंड रोधावर करू नका. २३० व्होल्ट, ६० वॉटच्या बल्बचा पेटलेला रोध सुमारे ८८२ ओहम असतो, पण विझलेला असताना मीटर त्याच्या कितीतरी कमी दाखवतं, कारण तार तापली की तिचा रोध वाढतो. अशा वेळी त्याच क्षणी मोजलेलं विभवांतर आणि त्याच क्षणी मोजलेली धारा, एवढ्यावरच शक्ती काढावी लागते.

त्या मुलीनं वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहिल्या, ०.२५ खोडून ४ केलं, आणि मग १८, २४, ९, ३ अशी बेरीज करत ५४ वर आली. पहिली बरोबरची खूण तिनं खोडली नाही. तिच्या शेजारी लिहिलं: "दोन्ही बाजूंना २.२५ च होतं."